खाडे धरून हिशेब

पत्राची सुरुवात अशी आहे: ‘तीर्थस्वरूप गुरुजींना शिरसाष्टांग नमस्कार. शिक्षक दिनाच्या शुभेच्छा. पाकिटावर माझं सासरचं नाव आहे, त्यावरून तुम्ही मला ओळखणार नाही. मी 1993-94 साली तुमच्याकडे चौथीला होते. आमचं घर मारुतीच्या पारामागं, दारात शेवगा. आजी मला शाळेत सोडायला यायची आणि माझा धाकटा भाऊ माझ्याबरोबर वर्गात बसायचा.’

यानंतर तिने माहेरचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि गावाचं नाव लिहिलंय. मग पाच फुलस्केप पानं, दोन्ही बाजूंनी, निळ्या शाईत. शेवटी पुन्हा माहेरच्या नावाचीच सही.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘उशिरा’ हा विषय दिला तेव्हा या पत्राबद्दल मला नुकतंच कळलं होतं. लिहिणारी पुण्यातल्या एका सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. ज्यांना लिहिलं ते गुरुजी बीडमध्ये मुलाकडे राहतात, वय सत्तरीचं. दोघांनीही मला भेटू दिलं, पत्र वाचू दिलं. नावं मात्र छापायची नाहीत, असं सांगितलं. पत्रात ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांनी तशी परवानगी दिलेली नाही, हे त्यांचं कारण मला पटलं. म्हणून या लेखात त्या ‘सिस्टर’ आणि ते ‘गुरुजी’. शाळा शिरूर कासार तालुक्यातल्या एका वस्तीवजा गावातली, जिल्हा परिषदेची.

चार वर्ग, दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. चौथीत अकरा मुलं.

दसऱ्याच्या आधीची यादी

बीड जिल्ह्याच्या या भागात शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि दसऱ्याला अर्ध्यावर तुटतं. पावसाळा संपला की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादम आधीच उचल देऊन बसलेला असतो. उचल म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम. ती बहुतेक वेळा नवरा-बायको मिळून एका कोयत्याची असते. ट्रॅक्टर किंवा ट्रक गावात येतो, भांडीकुंडी, धान्य, शेळ्या, पोरं असं सगळं त्यावर चढतं आणि दोन-तीन दिवसांत वस्ती रिकामी होते. माणसं परत येतात ती मार्च-एप्रिलमध्ये, कारखान्याचा पट्टा पडल्यावर.

मुलं सोबत का न्यायची, असं शहरातला माणूस विचारतो. गुरुजींनी त्याची कारणं मला घरं डोळ्यांसमोर आणून सांगितली. अंगावरचं मूल सांभाळायला नऊ-दहा वर्षांची मुलगी लागते. आई पहाटे फडात गेली की कोपीवर भाकरी-पाणी तिलाच बघावं लागतं. थोडी मोठी पोरं वाढं गोळा करतात, मोळ्या बांधायला हात लावतात. आणि मुलगी वयात येऊ लागली की तिला मागे ठेवायची भीती वाटते, ही भीती सगळ्यात मोठी. ‘बापाशी भांडून उपयोग नसतो,’ गुरुजी म्हणाले. ‘त्यानं उचल घेतलेली असती. त्याच्या हातात काही नसतं.’

मग त्यांनी त्यांच्यापुरती एक रीत बसवली. घटस्थापनेच्या आधी वर्गातल्या प्रत्येक मुलासमोर ते वहीत एकच गोष्ट लिहीत: घरी मागे कोण राहणार. आजी, थोरली चुलती, आंधळा आजोबा, कोणीही चालेल. ज्या घरात असं कोणी असेल त्या घरी ते जात आणि बोलत मागे राहणाऱ्या माणसाशीच, जाणाऱ्याशी नाही. आजीला नातवंड हवंच असायचं, पण त्याच्या तोंडी घालायला पुरेसं धान्य मागे ठेवतात की नाही, ही तिची काळजी. तेवढं धान्य ठेवून जा, हे बापाला सांगणं सोपं होतं. शाळा बुडेल, असं सांगून काही झालं नसतं.

सिस्टरांच्या घरी अडचण धान्याची नव्हती, चार वर्षांच्या भावाची होती. तो लहान, त्याला फडावर नेला तर सांभाळायला बहीण लागणार. मागे ठेवला तर आजी रानात गेल्यावर त्याच्याकडे बघायला पुन्हा बहीणच. गुरुजी म्हणाले, दोघांनाही पाठव. तो हंगामभर चौथीच्या तरटपट्टीवर बसला. दुपारी तिथंच झोपायचा. हजेरीत नाव नाही, पाटी नाही; पण पाढे म्हणताना मुलांबरोबर मान हलवायचा. ‘तपासणीला साहेब आले तेव्हा तुम्ही त्याला खिडकीतून दुसऱ्या खोलीत दिला होता,’ असं पत्रात आहे. गुरुजींना हे आठवत नव्हतं. वाचताना मात्र त्यांना हसू आलं.

त्या काळी गावात हंगामी वसतिगृह नव्हतं. आता अनेक गावांत शाळेतच अशी सोय असते. पालक बाहेर असताना मुलांना शाळा व्यवस्थापन समितीमार्फत नाश्ता आणि दोन वेळचं जेवण मिळतं, रात्री मुलं नातेवाइकांकडे किंवा शाळेत झोपतात. तेव्हा हे सगळं एका आजीवर आणि एका मास्तराच्या शब्दावर चाललं होतं.

जी मुलं जायची ती वार्षिक परीक्षेच्या तोंडावर परत यायची. त्यांचं काय राहिलंय आणि काय गेलंय, हे पाहायची गुरुजींची पद्धत मला फार उपयोगाची वाटली. पुस्तकातला धडा वाचायला दिला की मूल घडाघडा वाचतं, कारण तो आधीच पाठ झालेला असतो. म्हणून ते चित्रावर हात ठेवत आणि शेवटच्या ओळीपासून वर वाचायला सांगत. मग खरं कळायचं. सुटी अक्षरं बहुधा टिकलेली असत, जोडाक्षरांवर मूल अडखळत असे. गणितात बेरीज राहायची, हातच्याची वजाबाकी जायची. ‘सहा महिन्यांत कोण काय विसरणार, हे मला आधीच माहीत असायचं,’ ते म्हणाले. ‘त्यामुळं एप्रिलमध्ये सगळं पुस्तक परत शिकवायची गरज नव्हती. तेवढ्या दोनच गोष्टी धरायच्या.’

उचल किती दिवसांत फिटेल

पत्राचं दुसरं आणि तिसरं पान एका गणिताबद्दल आहे. ज्या मुलांचे आईबाप फडावर होते त्यांना गुरुजी आंब्यांची, पेरूंची गणितं घालत नसत. एकमान पद्धत चौथीच्या पुस्तकात नव्हती, तरी त्यांनी ती शिकवली आणि उदाहरण घातलं ते असं: समजा, एका कोयत्याची उचल सहा हजार रुपये. जोडी दिवसाला दीड टन ऊस तोडते. टनाला पन्नास रुपये मिळतात. उचल किती दिवसांत फिटेल?

आकडे सोपे पडावेत म्हणून घेतले होते. रीत अशी, की आधी एका दिवसाचं काढायचं. एका टनाला 50, म्हणून दीड टनाला 75. रोज 75 रुपये फिटतात, तर 6000 फिटायला 80 दिवस. मुलांनी उत्तर काढलं. गुरुजींनी बरोबरची खूण करायला हात उचलला तेव्हा मागून एक मुलगी म्हणाली, ‘गुरुजी, खाडं कुठं धरलं?’

खाडा म्हणजे कामाला न गेलेला दिवस. माणूस आजारी पडला, मूल तापलं, बाई बाळंत झाली, तरी तो खाडाच. त्या दिवसाची मजुरी जाते हे तर झालंच, वर मुकादम खाड्याचा दंड धरतो. गुरुजींचं मूळ गाव पाटोदा तालुक्यातलं, पण घर शेतकऱ्याचं. त्यांच्या घरून कोणी तोडीला गेलं नव्हतं. दंडाचं त्यांना नीट ठाऊक नव्हतं. त्यांनी त्या मुलीलाच विचारलं आणि तिने सांगितलं तसं फळ्यावर मांडलं. हंगामात दहा खाडे झाले, दर खाड्याला 50 रुपये दंड. म्हणजे उचलीत 500 रुपयांची भर पडली. रोजचे 75, तर 500 फिटायला पावणेसात दिवसांच्या आसपास, म्हणजे सातवा दिवस लागणारच. कामाचे 80, घरी बसलेले 10 आणि दंडापायीचे 7. एकूण 97.

दहा दिवसांच्या आजारपणाने हिशेब सतरा दिवसांनी लांबतो, हे त्या दिवशी अकरा मुलांनी फळ्यावर पाहिलं.

‘तुम्ही मला खडू दिला आणि तिथं उभं केलं,’ असं सिस्टरांनी लिहिलंय. ‘घरी आजीला सांगितलं तर ती म्हणाली, तुझ्या बापाला सांग. हंगामावरून आल्यावर मी दादांना मांडून दाखवलं. त्यांनी मुकादमाकडं जाऊन खाडे मोजून घेतले. त्यात काही रक्कम सुटली असं नाही. पण पुढच्या हंगामापासून आई खाड्याच्या दिवशी कोपीच्या कुडावर कोळशाची रेघ मारायला लागली.’

पाकिटावरचं नाव, माहेरचं नाव, शेवगा, मारुतीचा पार, यातल्या कशानेही गुरुजींना ती मुलगी नीट आठवली नव्हती. छत्तीस वर्षं नोकरी, दरवर्षी नवी मुलं, शिवाय बदल्या. इथपर्यंत वाचल्यावर ते सुनेला म्हणाले, ‘अगं, ही खाड्यावाली!’ त्या दिवसानंतर पुढच्या प्रत्येक शाळेत ते हे गणित खाडे धरूनच घालत होते. तो सुधार कोणामुळे झाला, हे नावासकट त्यांच्या डोक्यातून गेलं होतं, मुलीचा प्रश्न मात्र पक्का होता.

जुन्या विद्यार्थ्याला आपलं नाव गुरुजींच्या लक्षात असेल असं वाटत असतं. मुलाला आयुष्यात दहा-पंधरा शिक्षक असतात आणि शिक्षकाला हजारभर मुलं, हे तो विसरतो. त्यात मुलगी असेल तर लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं, चेहरा तर बदलतोच. सिस्टरांनी वर्ष, इयत्ता, घर, आजी, भाऊ आणि तो एक प्रश्न लिहिला म्हणून पत्र खऱ्या अर्थाने पोचलं. ‘तुम्ही मला घडवलंत, तुमचे उपकार’ एवढंच पाच पानं लिहिलं असतं, तर गुरुजींनी कोणाच्या तरी मुलीचं पत्र म्हणून आनंदाने ठेवून दिलं असतं.

मु., पो., ता., जि.

पत्र लिहून झालं तरी पत्ता नव्हता. सिस्टरांनी आधी गावच्या शाळेत फोन केला. हल्लीचे मुख्याध्यापक तरुण आहेत. त्यांनी कपाट उघडून जनरल रजिस्टर काढलं. त्यात सिस्टरांची स्वतःची नोंद सापडली, जन्मतारखेसकट, शाळा सोडल्याच्या शेऱ्यासकट. जनरल रजिस्टर कायम जपायचं दप्तर असतं, पण त्यात मुलांची माहिती असते, शिक्षकांची नाही. शिक्षकाचा सगळा तपशील सेवापुस्तकात असतो. ते त्याच्या बदलीबरोबर फिरतं आणि निवृत्तीच्या वेळी पेन्शनच्या प्रस्तावाला लागतं. पंचायत समितीतला लिपिक फोनवर कोणाच्या घरचा पत्ता देत नाही, आणि ते बरोबरच आहे.

वाट सापडली ती बँकेतून. निवृत्त शिक्षक नोव्हेंबरमध्ये हयातीच्या नोंदीसाठी बँकेत येतात, तिथे जुने सोबती भेटतात. मुख्याध्यापकांच्या ओळखीच्या एका निवृत्त बाईंनी गुरुजींना तिथे पाहिलेलं होतं. त्यांना फोन नंबर माहीत नव्हता, मूळ गावाचं नाव माहीत होतं. तेवढ्यावर सिस्टरांनी पाकीट लिहिलं.

‘मु.’ आणि ‘पो.’ एकच असेल तर ‘मु. पो.’ लिहितात. गुरुजींच्या गावात टपाल कार्यालय नाही, ते शेजारच्या गावात. ते त्यांनी बरोबर लिहिलं. पिन मात्र बीड शहराचा घातला, 431122, कारण जिल्हा बीड. इथे पत्राने पहिला वळसा घेतला. पिनचे सहा आकडे जिल्ह्याच्या हद्दी पाळत नाहीत. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, पहिले तीन मिळून टपाल ज्या वर्गवारी जिल्ह्यात जायचं तो, आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कार्यालयाचे. 15 ऑगस्ट 1972 पासून चालत आलेली ही रचना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने बसवली. ते संस्कृतात काव्य-नाटकं लिहीत. पाटोदा आणि आष्टी हे तालुके बीड जिल्ह्यातले, पण त्यांचे पिन 414 ने सुरू होतात, म्हणजे अहिल्यानगरच्या वर्गवारीत. जुनी टपालाची वाट तिकडून होती. छाननी करणारा आधी पिन बघतो, गाव नंतर. त्यामुळे पत्र पुण्याहून थेट नगरमार्गे पाटोद्याला जायचं ते बीडला गेलं. तिथे कोणीतरी गाव वाचलं, पिनवर रेघ मारून 414204 लिहिलं आणि पत्र पाटोद्याकडे निघालं.

दुसरा वळसा गावात. शाखा टपाल कार्यालयाची पिशवी उघडली तेव्हा शाखा पोस्टमास्तरांनी नाव लगेच ओळखलं. गुरुजी चार वर्षांपूर्वी मुलाकडे गेले होते. असं पत्र परत न पाठवता पुढे पाठवता येतं, न उघडलेल्या पाकिटाला त्याचे जादा पैसे पडत नाहीत. त्यांनी गावात एकाला विचारून बीडचा पत्ता घेतला, जुना पत्ता आडव्या रेघेने खोडला आणि नवा बाजूला लिहिला. पाकीट पुन्हा बीडला आलं.

हे सगळं मी पाकिटावरच वाचलं. तीन हस्ताक्षरं, दोन शाया. वजन वीस ग्रॅमच्या वर गेलं म्हणून सिस्टरांनी जादा तिकीट आठवणीने लावलं होतं. नाहीतर पाकीट नॉटपेड ठरून कमी पडलेल्या रकमेची दुप्पट गुरुजींना भरावी लागली असती. पाच सप्टेंबरसाठी टाकलेलं पत्र घटस्थापनेच्या आठवड्यात हाती पडलं. बीड जिल्ह्यात तो आठवडा टोळ्या निघायचा.

सलाईनचे थेंब

सिस्टर आता वॉर्डात नव्या मुलींना शिकवतात. ड्यूटी संपल्यावर त्यांनी मला पत्रातलं चौथं पान समजावून दिलं. डॉक्टर लिहितात, पाचशे मिली चार तासांत. नळीच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, एक मिलीला वीस थेंब. यंत्र नसेल तर मिनिटाला किती थेंब सोडायचे, हे नर्सने काढायचं.

नर्सिंगच्या पुस्तकात त्याचं सूत्र आहे आणि मुली ते पाठ करतात. सिस्टर त्यांना एकमान पद्धतीने काढायला लावतात. एका मिलीचे 20 थेंब, तर 500 मिलीचे 10,000. चार तासांची 240 मिनिटं. एका मिनिटाचे 41 आणि दोन तृतीयांश, म्हणजे 42. मग घड्याळ धरून पंधरा सेकंद मोजायचे, दहा-अकरा थेंब पडले पाहिजेत. बाटलीवर पट्टी चिकटवून तासातासाच्या खुणा करायच्या. दोन तासांनी पाणी निम्म्यावर नसेल, तर हात हलला, नळी दुमडली किंवा चक्री सरकली, काहीतरी झालंय असं समजायचं.

घोळ होतो तो लहान मुलांच्या वॉर्डात. तिथल्या बारीक नळीला एका मिलीचे साठ थेंब. सूत्र पाठ केलेल्या मुलीच्या तोंडात वीस बसलेले असतात. तासाला तीस मिली द्यायचं असेल, तर साठच्या नळीने मिनिटाला तीस थेंब सोडायला हवेत. ती दहा सोडते आणि बाळाला तिसरा हिस्सा पाणी मिळतं. ‘सूत्रात साठ घालायचे एवढंच आहे,’ सिस्टर म्हणाल्या, ‘पण पाठ केलेल्याला ते सुचत नाही. एका मिलीचे किती, इथून सुरुवात केली की नळीच्या पाकिटाकडं बघावंच लागतं.’ पत्रात त्यांनी हे सगळं आकड्यांसकट मांडलंय आणि खाली लिहिलंय, ‘पडताळून पाहावं.’

गुरुजींनी पडताळलं. मार्जिनमध्ये पेन्सिलीने भागाकार आहे आणि शेवटी बरोबरची खूण.

पाचवं पान

सगळ्यात जास्त वेळ गुरुजी ज्या पानापाशी थांबले ते शेवटचं. त्यावर त्या चौथीतल्या अकराही मुलांची नावं आहेत आणि प्रत्येकापुढे सध्या काय करतो ते. एक स्वतः सिस्टर. एक आशा कार्यकर्ती. एक चाकणच्या कंपनीत कंत्राटी. एक स्वतःच्या ट्रॅक्टरवर. एक मुकादम झालाय. पाच जण अजून कोयत्यावर जातात. एकाचा पत्ता नाही.

त्या पाच नावांवर बोट ठेवून गुरुजींनी मला सांगितलं की यातल्या चार घरांत मागे राहणारं कोणी नव्हतं. पाचव्या घरात आजी होती, पण ती पौषात वारली आणि बाप येऊन मुलाला घेऊन गेला. वहीतली ती यादी त्यांना तोंडपाठ होती. मुलांचे चेहरे गेले होते, घरात कोण होतं ते राहिलं होतं. ‘मला वाटायचं, मी त्या वर्षी पुष्कळ मुलं धरून ठेवली,’ ते म्हणाले. ‘हिनं मोजून लिहिलं म्हणून कळलं.’ माझ्या मते पत्रातला सर्वांत आदराचा भाग हाच आहे. जुन्या मुलीने गुरुजींना गोड वाटेल तेवढंच सांगितलं नाही. त्यांच्या वर्गाचा पुरा निकाल त्यांच्या हाती दिला.

उत्तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी लिहिलं, पोस्टकार्डावर. ते मी पुण्यात पाहिलं. गणित बरोबर असल्याचं लिहिलंय, भाऊ काय करतो ते विचारलंय, आणि आजी ज्याची वारली त्या मुलाला मुलं किती, कोणत्या इयत्तेत, ते ताबडतोब कळव, असं आहे. खाली मुलाचा मोबाइल नंबर.

सिस्टरांनी कार्ड मिळाल्या मिळाल्या फोन केला. दोन मुलं, थोरली मुलगी चौथीला, धाकटा दुसरीला. त्यांची टोळी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणार होती. गुरुजींनी गावच्या त्या तरुण मुख्याध्यापकांना फोन लावला. वसतिगृहाचा प्रस्ताव गेला होता, मंजुरी आली नव्हती. ती बऱ्याचदा टोळ्या गेल्यावर येते, आणि मग जेवण सुरू होईपर्यंत मुलं निघून गेलेली असतात. गुरुजींनी विचारलं, घरी मागे कोण आहे. मुलीची एक थोरली चुलती आहे, पायाने अधू, म्हणून यंदा राहणार होती. गुरुजी तिच्याशी फोनवर बोलले. सिस्टरांनी दोन महिन्यांचं धान्य भरून दिलं.

मुलगी चुलतीकडे राहिली आहे आणि रोज शाळेत येते. धाकट्याला आई सोडायला तयार झाली नाही. मुख्याध्यापकांनी त्याला शिक्षण हमी पत्रक भरून दिलंय, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसवून घेता येईल. ते पत्रक तिथल्या शाळेत पोचलं का, हे पाहायला गुरुजींनी टोळीच्या मुकादमाचा नंबर घेतलाय. तो मुकादमही याच चौथीतला.

सिस्टर म्हणतात, तो गुरुजींचा फोन उचलतो.